COUNTIF मध्ये खरंखुरं ? आणि * कसं मोजायचं

क्रिकेटच्या धावसंख्येपुढे तारा दिसला की तो फलंदाज नाबाद राहिला हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. एक्सेलला मात्र हा तारा वेगळाच वाटतो. COUNTIF च्या अटीत `*` लिहिला की एक्सेल त्याचा अर्थ ‘इथे काहीही चालेल’ असा घेतं, आणि `?` लिहिलं की ‘इथे कुठलंही एक अक्षर चालेल’ असा. या दोन चिन्हांना वाइल्डकार्ड म्हणतात. आपल्याला खुद्द तारा किंवा खुद्द प्रश्नचिन्ह मोजायचं असेल तर त्यांच्या आधी `~` हे चिन्ह द्यायचं. त्याचं नाव टिल्ड. नियम एवढाच आहे, पण तो चुकला तरी एक्सेल बहुतेक वेळा कुरकुर करत नाही. गुपचूप चुकीचा आकडा देतं. कधी तर चुकीच्या फॉर्म्युल्यातून बरोबर आकडाही येतो, आणि ते जास्त घातक. सुरुवात तिथूनच करू.

आधी एक फसवी यादी

मुंबई आणि महाराष्ट्राच्या फलंदाजांनी प्रथम श्रेणी क्रिकेटमध्ये केलेली काही त्रिशतकं एका शीटमध्ये भरली आहेत असं धरा. A रकान्यात नाव, B रकान्यात धावा.

| ओळ | फलंदाज | धावा |
|---|---|---|
| 2 | विजय हजारे | 316* |
| 3 | विजय मर्चंट | 359* |
| 4 | भाऊसाहेब निंबाळकर | 443* |
| 5 | अजित वाडेकर | 323 |
| 6 | सुनील गावसकर | 340 |
| 7 | संजय मांजरेकर | 377 |
| 8 | रोहित शर्मा | 309* |
| 9 | स्वप्नील गुगळे | 351* |

निंबाळकरांचे ४४३ हे १९४८-४९ च्या हंगामातले, पुण्यात काठियावाडविरुद्ध. ब्रॅडमन यांच्या नाबाद ४५२ चा तेव्हाचा विक्रम नऊ धावांवर असताना समोरच्या संघाने सामना सोडून दिला. त्या ताऱ्याच्या मागे एवढी मोठी हळहळ आहे.

आता यातले नाबाद किती? डोळ्यांनी मोजले तर पाच. नवशिका माणूस साहजिकच असा फॉर्म्युला लिहितो:

```
=COUNTIF(B2:B9,"*")
```

उत्तर येतं ५. बरोबर आहे, पण योगायोगाने. या फॉर्म्युल्याने तारे मोजलेलेच नाहीत. त्याने मजकूर असलेले सेल मोजले. `323` हा सेल एक्सेलच्या लेखी संख्या आहे, तर `316*` मध्ये तारा असल्यामुळे तो अख्खा सेल मजकूर झाला. वाइल्डकार्ड फक्त मजकुराशी जुळतात, संख्येशी कधीच जुळत नाहीत. म्हणून तारेवाले पाच सेल मोजले गेले आणि बिनताऱ्याचे तीन वगळले गेले.

हा योगायोग मोडायला एक ओळ पुरते. दहाव्या ओळीत केदार जाधवचे ३२७ टाका, पण ते वेबवरून चिकटवल्यामुळे मजकूर म्हणून आले आहेत असं समजा. मुद्दाम करून बघायचं तर `'327` असं पुढे अ‍ॅपॉस्ट्रॉफी देऊन टाइप करा. सेलच्या कोपऱ्यात छोटा हिरवा त्रिकोण दिसेल. रेंज B10 पर्यंत वाढवली की `"*"` वाला फॉर्म्युला ६ सांगतो. केदार तर बाद झाला होता. बरोबर फॉर्म्युला हा:

```
=COUNTIF(B2:B10,"*~*")
```

याचं उत्तर ५ च राहतं. अट डावीकडून उजवीकडे वाचा. पहिला `*` मोकळा आहे, म्हणजे सुरुवातीला काहीही असो. पुढे `~*` ही जोडी आहे, म्हणजे शेवटी खराखुरा तारा हवा. टिल्ड फक्त आपल्या लगेच पुढच्या एका चिन्हाला बांधून ठेवतं, मागच्याला नाही. हे एकदा डोक्यात बसलं की पुढच्या सगळ्या अटी नुसत्या वाचून कळतात.

टिल्डची कळ आपल्याकडच्या नेहमीच्या इंग्रजी कीबोर्डवर Esc च्या खाली, 1 च्या डावीकडे असते. Shift धरून ती दाबायची. कीबोर्ड मराठी लेआउटवर असेल तर त्या कळीतून भलतंच काही उमटू शकतं, तेव्हा अट लिहिताना इंग्रजीवर या. मोबाइलवर टिल्ड चिन्हांच्या दुसऱ्या पानावर सापडतं.

आता खरा सराव: जुनी स्कोअरवही

वरची यादी स्वच्छ होती. गावातल्या क्लबची जुनी स्कोअरवही शीटमध्ये उतरवायला घेतली की तारा आणि प्रश्नचिन्ह दोन्ही येतात. पेनाची शाई पसरलेली असते, आकडा नीट लागत नाही, मग माणूस `34?` असं लिहून ठेवतो. काहीच वाचता येत नसेल तर नुसतं `?`. आकडा गेला पण तारा दिसतोय, तर `?*`. आणि ज्या सामन्यात फलंदाजी मिळालीच नाही तिथे `न`. एका फलंदाजाच्या बारा सामन्यांची ही नोंद A2 ते A13 मध्ये भरा, पुढचं सगळं याच्यावरच करू:

```
A2   45
A3   4*
A4   ?
A5   0
A6   27*
A7   34?
A8   45*
A9   12
A10  ?*
A11  न
A12  4
A13  61
```

यात पाच संख्या आहेत आणि सात मजकूर. आधी पूर्ण वाचता न आलेल्या, म्हणजे नुसतं `?` असलेल्या नोंदी मोजू. मोकळ्या प्रश्नचिन्हाने काय होतं ते बघा:

```
=COUNTIF(A2:A13,"?")
```

उत्तर २. कुठलेही एक अक्षर असलेले मजकुराचे सेल त्याने मोजले: एक `?` आणि दुसरा `न`. `0` आणि `4` हेही एकेक अंकाचेच आहेत, पण ते संख्या असल्याने सुटले. टिल्ड दिलं की उत्तर १ होतं:

```
=COUNTIF(A2:A13,"~?")
```

इथे सेलमध्ये प्रश्नचिन्हाशिवाय दुसरं काहीही असता कामा नये. नवीन माणूस सर्वांत जास्त इथे गोंधळतो. त्याला ‘ज्या ज्या नोंदीत शंका आहे त्या किती’ हे हवं असतं, तो `"~?"` लिहितो, एकच मिळतो, आणि टिल्ड चालत नाही असं त्याला वाटतं. टिल्डचा दोष नाही. COUNTIF नेहमी पूर्ण सेल जुळवतं. सेलमध्ये कुठेही प्रश्नचिन्ह चालणार असेल तर दोन्ही बाजूंना मोकळे तारे द्यावे लागतात:

```
=COUNTIF(A2:A13,"*~?*")
```

आता ३ येतात: `?`, `34?` आणि `?*`. मोकळ्या ताऱ्याचा अर्थ ‘काहीही’ असा आहे आणि त्यात ‘काहीच नाही’ हेही धरलेलं आहे, म्हणून नुसतं `?` असलेला सेलसुद्धा इथे बसतो. उजवीकडचा तारा काढून `"*~?"` केलं तर प्रश्नचिन्हाने संपणारे दोनच राहतात, कारण `?*` चा शेवट ताऱ्याने होतो. डावीकडचा काढून `"~?*"` केलं तर प्रश्नचिन्हाने सुरू होणारे दोन, `?` आणि `?*`. म्हणजेच ज्यांचा आकडा अजिबात लागला नाही अशा नोंदी. स्कोअरवहीच्या कामात मला हा शेवटचा प्रकारच जास्त उपयोगी वाटतो, कारण `34?` ची शंका एखाद्या अंकाची असते, तर `?` मध्ये सगळंच गेलेलं असतं.

`"~?*"` मधल्या ताऱ्याच्या आधी टिल्ड नाही, त्यामुळे तो मोकळा आहे. आकडा न लागलेले पण नाबाद, एवढेच हवे असतील तर दोघांनाही आपापलं टिल्ड लागतं:

```
=COUNTIF(A2:A13,"~?~*")
```

उत्तर १, फक्त A10.

नाबाद डाव मोजायला `"*~*"` आपण आधी पाहिलंच. या यादीत त्याचं उत्तर ४ आहे: `4*`, `27*`, `45*` आणि `?*`. तारा सेलच्या मध्ये असला तरी चालत असेल तर `"*~**"`. हे दिसायला विचित्र आहे, पण फोड सोपी आहे: मोकळा तारा, मग `~*` म्हणजे खरा तारा, मग पुन्हा मोकळा तारा. आपल्या यादीत दोन्हींचं उत्तर ४ च येतं. ते वेगवेगळं आलं तर समजा की एखाद्या ताऱ्यामागे काहीतरी शिल्लक आहे. बहुतेक वेळा ती न दिसणारी रिकामी जागा असते. ही तपासणी फुकटात होते, म्हणून दोन्ही फॉर्म्युले शेजारी शेजारी ठेवायला हरकत नाही.

फलंदाज बाद किती वेळा झाला हे आता सरळ वजाबाकीने निघतं. सरासरी काढताना धावांना याच आकड्याने भागतात:

```
=COUNTA(A2:A13)-COUNTIF(A2:A13,"न")-COUNTIF(A2:A13,"*~*")
```

१२ मधून १ आणि ४ गेले, राहिले ७. यादीवर बोट ठेवून पाहा: 45, ?, 0, 34?, 12, 4, 61. बरोबर सात.

‘नसलेले’ मोजताना

शंका नसलेल्या नोंदी हव्यात तर अटीच्या आधी `<>` लावता येतं:

```
=COUNTIF(A2:A13,"<>*~?*")
```

१२ पैकी ३ गेले, ९ राहिले. इथे एक गोष्ट उलटी होते. वाइल्डकार्ड संख्येशी जुळत नाही, आणि म्हणूनच ‘जुळत नसलेल्या’ सेलमध्ये सगळ्या संख्या आपोआप येतात. आपल्याला ते हवंच आहे. पण त्याच न्यायाने रिकामे सेलही येतात. पुढे नोंदी वाढतील म्हणून रेंज A20 पर्यंत ओढून ठेवली असेल तर हाच फॉर्म्युला ९ ऐवजी १६ सांगेल, कारण खालचे सात रिकामे सेलही ‘प्रश्नचिन्ह नसलेले’ आहेत. अशा वेळी `<>` सोडून द्या आणि भरलेल्या सेलमधून शंकेचे वजा करा:

```
=COUNTA(A2:A20)-COUNTIF(A2:A20,"*~?*")
```

अट दुसऱ्या सेलमधून येते तेव्हा

इथवर अट आपण हाताने लिहित होतो, म्हणून टिल्ड कुठे द्यायचं ते आपल्या हातात होतं. प्रत्यक्षात मात्र COUNTIF ला बरेचदा सेलचा पत्ता दिला जातो. उदाहरणार्थ, कोणती धावसंख्या किती वेळा आली ते बघायला लोक B2 मध्ये हे लिहून खाली ओढतात:

```
=COUNTIF(A$2:A$13,A2)
```

आपल्या यादीत एकही नोंद दोनदा आलेली नाही. म्हणजे सगळीकडे १ दिसायला हवा. प्रत्यक्षात A3 मधल्या `4*` समोर २ येतात, कारण ‘4 ने सुरू होणारा मजकूर’ म्हणून `45*` ही त्यात गेला. A4 मधल्या `?` समोरही २, कारण `न` आला. आणि A10 मधल्या `?*` समोर चक्क ७ येतात. ‘एक अक्षर आणि पुढे काहीही’ या अटीत मजकुराचे सातही सेल बसतात. गंमत म्हणजे `27*`, `34?` आणि `45*` यांच्यासमोर १ च येतो. तेही चुकीच्याच वाटेने आलेत, फक्त त्यांच्यासारखं दुसरं काही यादीत नव्हतं. मोठ्या यादीत असे बरोबर दिसणारे आकडे बाकीच्या चुका झाकून ठेवतात.

अट सेलमधून आली तरी तिच्यातले `?` आणि `*` वाइल्डकार्डच राहतात. तेव्हा टिल्ड फॉर्म्युल्यानेच घुसवावं लागतं. त्यासाठी SUBSTITUTE वापरायचं. आधी मधल्या रकान्यात करून बघू, म्हणजे काय होतंय ते दिसेल. C2 मध्ये:

```
=SUBSTITUTE(SUBSTITUTE(SUBSTITUTE(A2,"~","~~"),"?","~?"),"*","~*")
```

खाली ओढा. C3 मध्ये `4~*` दिसेल, C4 मध्ये `~?`, C10 मध्ये `~?~*`. ज्यांत ही चिन्हं नाहीत ते जसेच्या तसे राहतील. मग D2 मध्ये:

```
=COUNTIF(A$2:A$13,C2)
```

आता बाराही ओळींत १ येतो. C2 मधला 45 हा SUBSTITUTE मधून मजकूर होऊन बाहेर पडतो, पण त्याची काळजी नको. COUNTIF ला `"45"` दिलं तरी ते संख्या असलेल्या 45 शी जुळतं. नीट चालतंय याची खात्री झाली की C मधला फॉर्म्युला D मध्ये C2 च्या जागी टाकून मधला रकाना काढून टाकता येतो. मी स्वतः तो लपवून ठेवणं पसंत करेन. महिन्याभराने तीन SUBSTITUTE एकात एक अडकवलेले वाचायला कुणालाच आवडत नाही.

सर्वांत आतला SUBSTITUTE टिल्डचं टिल्ड-टिल्ड करतो, आणि तो आत असणं गरजेचं आहे. क्रम उलटा करून बघा. `4*` चं आधी `4~*` झालं, आणि मग टिल्ड दुप्पट केलं तर `4~~*` होतं. एक्सेल ते ‘4, मग खरं टिल्ड, मग काहीही’ असं वाचेल. आपणच घातलेलं टिल्ड आपण निकामी केलं. म्हणून टिल्ड आधी, बाकीची दोन नंतर. त्या दोघांत कोण आधी हे महत्त्वाचं नाही.

आणि टिल्डलाच टिल्ड का लागावं? काही लोक अंदाजे तीसला `~30` असं लिहितात. तो सेल मोजायचा तर अटीत `"~~30"` द्यायचं. पहिलं टिल्ड दुसऱ्याला बांधतं, आणि दुसरं खरं टिल्ड म्हणून शोधलं जातं.

एक शंका इथे राहते: सेलमधला मजकूर `>`, `<` किंवा `=` ने सुरू होत असेल तर? टिल्ड त्यांच्यावर चालत नाही, कारण ती वाइल्डकार्ड नाहीत, तुलनेची चिन्हं आहेत. अशा वेळी अटीच्या पुढे बरोबरचं चिन्ह जोडतात: `"="&C2`. मग पहिलं `=` तुलनेचं ठरतं आणि पुढचं सगळं मजकुराचं.

उत्तर बरोबर आहे हे कसं ओळखायचं

वाइल्डकार्ड न ओळखणाऱ्या फंक्शनने तेच मोजून बघायचं. FIND हे असं फंक्शन आहे. त्याला `?` दिलं की ते खरंच प्रश्नचिन्ह शोधतं:

```
=SUMPRODUCT(--ISNUMBER(FIND("?",A2:A13)))
```

याचंही उत्तर ३ यायला हवं, `"*~?*"` इतकंच. FIND मध्ये टिल्ड देऊ नका. दिलंत तर ते `~?` ही दोन अक्षरंच शोधेल आणि उत्तर शून्य येईल. SUBSTITUTE चंही तसंच, म्हणून वरच्या फॉर्म्युल्यात आपण त्याला नुसतं `"?"` दिलं होतं. FIND चा भाऊ SEARCH मात्र वाइल्डकार्ड मानतो. `SEARCH("?",A2)` कुठल्याही भरलेल्या सेलवर १ देईल, तिथे `"~?"` च लागतं. पूर्ण सेल तपासायचा असेल तर साधी बरोबरीची तुलनाही पुरते, कारण `=` ने तुलना करताना वाइल्डकार्ड चालत नाहीत:

```
=SUMPRODUCT(--(A2:A13="?"))
```

हे १ देतं, `"~?"` सारखंच.

दोन्ही पद्धतींची उत्तरं जुळली, पण डोळ्यांना दिसणारे तारे त्याहून जास्त असतील, तर दोष अटीत नाही, सेलमध्ये आहे. वेबवरून उचललेल्या मजकुरात तारा दिसायला तसाच, पण वेगळं चिन्ह असू शकतो. `=UNICODE(RIGHT(A3,1))` लिहून बघा. खऱ्या ताऱ्याला ४२ येतात, प्रश्नचिन्हाला ६३, टिल्डला १२६. ३२ किंवा १६० आले तर शेवटी रिकामी जागा आहे, आणि त्याहून मोठा भलताच आकडा आला तर तारा नकली आहे. दुसरी शक्यता अशी की सेलमध्ये तारा नाहीच, फक्त नंबर फॉरमॅटमधून तो दाखवला जातोय. सेलवर क्लिक करून वरच्या फॉर्म्युला पट्टीत बघा. तिथे नुसतं 45 दिसलं तर COUNTIF ला तारा कधीच सापडणार नाही, कारण ते सेलची किंमत बघतं, सजावट नाही.

देवनागरी मजकूर मोजणाऱ्यांसाठी एक वेगळी अडचण आहे. मोकळं `?` एक अक्षर म्हणतं, पण एक्सेलच्या हिशेबात काना, मात्रा, वेलांटी ही स्वतंत्र अक्षरं असतात. `LEN("का")` २ येतात. म्हणून वर मी `न` घेतला होता. तिथे `ना` लिहिलं असतं तर तो मोकळ्या `"?"` मध्ये आलाच नसता. सर्वेक्षणाच्या उत्तरांतले `का?` असे सेल शोधायला `"??~?"` लावून `का?` सापडेल, पण त्याबरोबर `ना?` आणि `घर?` हेही येतील. देवनागरीत मोकळं `?` मोजून लावण्यापेक्षा शब्दच लिहावा: `"का~?"`.

जिथे टिल्ड विसरणं महागात पडतं

हाच नियम COUNTIFS, SUMIF, SUMIFS आणि AVERAGEIF यांनाही लागू आहे, आणि तंतोतंत जुळणी मागितलेल्या VLOOKUP व MATCH लाही. XLOOKUP मात्र सांगितल्याशिवाय वाइल्डकार्ड मानत नाही. त्याच्या जुळणीच्या पर्यायात 2 दिलं तरच टिल्डचा प्रश्न येतो.

पण सगळ्यांत जपायची जागा म्हणजे Ctrl+H ची खिडकी. धावांची बेरीज करायची म्हणून तारे काढायला कुणी Find what मध्ये नुसता `*` टाकतो, Replace with रिकामं ठेवतो आणि Replace All दाबतो. सगळे भरलेले सेल एका क्षणात रिकामे होतात, कारण ‘काहीही’ ची जागा ‘काहीच नाही’ ने घेतली. लगेच Ctrl+Z करा. बरोबर पद्धत म्हणजे Find what मध्ये `~*`. Replace with मध्ये टिल्ड लागत नाही, तिथे तारा नुसता तारा असतो. तारे गेले की `27*` चं 27 होऊन ती संख्या बनते आणि SUM मध्ये येते, पण नाबाद कोण होता हे त्या रकान्यातून कायमचं पुसलं जातं. म्हणून आधी रकान्याची प्रत करा आणि तारे प्रतीतून काढा.

गूगल शीट्समध्ये COUNTIF आणि टिल्ड असंच चालतं, पण तिथल्या शोधा-बदला खिडकीत वाइल्डकार्ड नसतात. तिथे साधा `*` शोधला की खरा ताराच सापडतो, टिल्ड द्यायचं नाही. लिबरऑफिस कॅल्कमध्ये मात्र हे सेटिंगवर ठरतं. Tools, Options, LibreOffice Calc, Calculate या वाटेने गेलात की फॉर्म्युल्यांत वाइल्डकार्ड चालवायचे, रेग्युलर एक्स्प्रेशन चालवायची की दोन्ही नाही, असे पर्याय दिसतात. वाइल्डकार्ड निवडलेले असतील तर वरचं सगळं लागू. रेग्युलर एक्स्प्रेशन निवडलं असेल तर टिल्ड कामाचं नाही, तिथे `\*` आणि `\?` असं उलटी तिरपी रेघ देऊन लिहावं लागतं. एक्सेलची xlsx फाइल कॅल्कमध्ये उघडली तर वाइल्डकार्डचा पर्याय आपोआप चालू असतो. तुमच्या मित्राने ods फाइल पाठवली आणि `"*~*"` ला शून्य आलं, तर आधी हे सेटिंग बघा.